गझलेतील शेर : रदीफ, काफिया आणि मक्ता

गझल या काव्यप्रकाराचा घटक म्हणजे शेर. शेर दोन ओळींचा असतो. तो अर्थाच्या दृष्टीने स्वयंपूर्ण असावा, त्याच्या आधीच्या वा नंतरच्या शेरावाचून त्याचे काहीही अडू नये, ही या प्रकारातील मूलभूत अट होय. शेराला अरबीत ‘बैत’ म्हणजे घर अशीही संज्ञा असून त्याच्या प्रत्येक ओळीस ‘मिसरा’ म्हणजे दाराची एक फळी असे म्हणतात. दोन्ही फळ्या मिटल्या म्हणजे घर बंद होते, हे या संज्ञांमागील रूपक शेराचे स्वरूप नेमके सांगते. अशी पाच किंवा त्याहून अधिक घरे एकाच वृत्तावर आणि एकाच यमकयोजनेवर उभी राहिली, की गझल होते. त्यांच्यात कथानक, युक्तिवाद किंवा एकच भावप्रसंग असण्याची आवश्यकता नसते. साहजिकच ही घरे एका वस्तीची कशी ठरतात, असा प्रश्न उद्‌भवतो. त्याचे उत्तर गझलेच्या तंत्रात, म्हणजे काफिया, रदीफ आणि मक्ता यांत शोधावे लागते. मराठीत गझल दोन टप्प्यांनी आली. पहिल्या टप्प्यात तिचे वृत्त आले आणि शेराचे स्वातंत्र्य बरेच नंतर आले. यामुळे मराठी गझलेचा इतिहास हा पुष्कळ अंशी या एकाच प्रश्नाचा इतिहास आहे.

एका श्लोकात संपणारी कविता महाराष्ट्राला नवी नव्हती. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती हा महाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांचा संग्रह अशाच सुट्या कवितांचा आहे. प्रत्येक गाथेत एक प्रसंग, एक बोलणारी व्यक्ती आणि एक सूचित अर्थ असतो. संस्कृत साहित्यशास्त्रात अशा रचनेस ‘मुक्तक’ म्हणतात. जात्यावरच्या ओव्यांतही प्रत्येक ओवी स्वतंत्र असते आणि दळण सरेपर्यंत त्या एकीमागून एक येत राहतात. मात्र गाथा किंवा ओव्या एकत्र आल्या तरी त्यांचा संग्रह होतो, एक कविता होत नाही. स्वतंत्र मुक्तकांना ध्वनीच्या एका साच्यात बसवून त्यांची एक रचना करणे ही फार्सी गझलेची विशेष कल्पना असून ती दक्षिणेत दख्खनी उर्दूमार्गे आली.

हा प्रवेश औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे स्पष्ट दिसतो. वली (१६६७–१७०७) आणि त्याच्यानंतरचा सिराज औरंगाबादी या उर्दू गझलेच्या आरंभकाळातील दोन थोर कवींची नावे या शहराशी निगडित आहेत. त्याच शहरात अमृतराय (१६९८–१७५३) हे मराठी कीर्तनकार कवी होऊन गेले. ते कटाव या रचनाप्रकारासाठी प्रसिद्ध असले, तरी मराठीतील पहिली गझल म्हणून त्यांच्याच एका हरिभक्तिपर पदाचा निर्देश केला जातो. मोरोपंतांनीही गझलेच्या चालीवर काही रचना केली. या आरंभीच्या रचनांत गझलेची चाल आणि अंत्ययमकाचा नाद यांचा स्वीकार झालेला आढळतो. त्यांचा आशय मात्र पदाप्रमाणे एकसूत्री राहिला. श्रोत्यांना कीर्तनात एक विषय धरून ऐकण्याची सवय होती, हे लक्षात घेतले म्हणजे याचे नवल वाटत नाही.

माधव जूलियन (माधव त्र्यंबक पटवर्धन, १८९४–१९३९) यांच्यापासून मराठी गझलेचे दुसरे पर्व सुरू होते. ते फार्सीचे प्राध्यापक होते. फार्सी-मराठी कोश (१९२५) आणि उमर खय्यामच्या रुबायांचे अनुवाद ही त्यांची कामे फार्सीवरील त्यांच्या अधिकाराची साक्ष देतात. छंदोरचना (१९२७, सुधारित आवृत्ती १९३७) या ग्रंथात त्यांनी फार्सी वृत्तांची मराठी लघुगुरूंच्या परिभाषेत मांडणी केली आणि गज्जलांजली (१९३३) या संग्रहात त्या वृत्तांवर विपुल रचना केली. ते ‘गझल’ असे न लिहिता ‘गज्जल’ असे लिहीत. त्यांच्या गज्जलेत वृत्त निर्दोष आहे, काफिया आणि रदीफही आहेत. परंतु बहुतेक रचनांत एकच भाव पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत उलगडत जातो. ती गझलेच्या वेशातील भावगीते आहेत, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. हे अज्ञानामुळे घडले असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल, कारण हाफिजसारख्या कवीचे दिवाण त्यांच्या नित्य वाचनातील होते. रविकिरण मंडळाच्या काळातील मराठी वाचकाला कविता म्हणजे एका अनुभवाची सलग अभिव्यक्ती वाटत होती, आणि जूलियनही त्याच काळातील कवी होते. शेराशेराला विषय बदलणारी कविता त्या वाचकाला विस्कळीत वाटली असती.

विस्कळितपणाचा आक्षेप उर्दूतही घेतला गेला होता. हाली यांनी १८९३ मध्ये गझलेच्या ठराविक विषयांवर आणि कृत्रिमतेवर टीका केली. पुढे कलीमुद्दीन अहमद यांनी तर सुसंगत विकासाच्या अभावी गझलेला अर्धरानटी काव्यप्रकार ठरविले. या टीकेत गृहीत धरलेली एकता आशयाची आहे. गझलेची एकता अन्यत्र असते. ती कोठे असते हे उदाहरणावाचून कळणे कठीण आहे. म्हणून केवळ स्पष्टीकरणासाठी रचलेले पाच शेर पुढे दिले आहेत. अखेरच्या शेरात कवीचे उपनाव ‘दीप’ आहे असे मानले आहे.

गावातल्या नदीचे केव्हाच सूर गेले
होते उभे किनारे, पाणीच दूर गेले

मी हाक मारताना तू पाहिलेस मागे
डोळ्यांमधून माझ्या लाजून पूर गेले

दारावरी कुणाचे कोरून नाव मोठे
बांधून राजवाडे सारे मजूर गेले

मी भांडलो जयांशी ते आरसेच होते
माझेच चेहरे ते होऊन चूर गेले

तू एकटाच, दीपा, जळतोस का अजूनी
मैफल सरून गेली, सारे हुजूर गेले

सर्व दहा ओळींचे वृत्त एकच आहे. ‘गा’ म्हणजे गुरू आणि ‘ल’ म्हणजे लघू असे मानल्यास प्रत्येक ओळ ‘गागालगा लगागा, गागालगा लगागा’ अशी चालते. मराठीत या वृत्तास ‘आनंदकंद’ म्हणतात. इक्बाल यांचे १९०४ मधील ‘तराना-ए-हिन्द’ याच वृत्तात असल्याने त्याची चाल बहुतेकांच्या कानांत असते. शेवटच्या शेरातील ‘जळ’ आणि ‘मैफल’मधील ‘फल’ येथे दोन लघू अक्षरे एका गुरूच्या जागी आली आहेत. मराठी गझलेत ही सवलत सर्रास घेतली जाते. कवीने ती एका ओळीत वारंवार घेतली, तर वृत्त मोडत नसले तरी चाल अडखळते.

पहिल्या शेरास ‘मतला’ म्हणतात. त्याच्या दोन्ही ओळींत यमक साधलेले असते. पुढील शेरांत ते केवळ दुसऱ्या ओळीत येते. प्रत्येक यमकस्थानी शेवटी न बदलता येणारा शब्द म्हणजे ‘रदीफ’. येथे तो ‘गेले’ हा आहे. रदीफ या शब्दाचा मूळ अर्थ घोड्यावर स्वाराच्या मागे बसलेला, असा आहे. त्याच्या पुढे बसलेला स्वार म्हणजे ‘काफिया’. सूर, दूर, पूर, मजूर, चूर, हुजूर हे येथील काफियाचे शब्द होत. त्यांतील अखेरचे ‘र’ हे अक्षर आणि त्यापूर्वीचा ‘ऊ’ हा स्वर स्थिर राहतात. या स्थिर स्वरास ‘अलामत’ म्हणतात. ‘सोडून घोर गेले’ अशी ओळ वृत्तात बसेल, तिच्यात ‘र’ही येईल, परंतु ‘ऊ’च्या जागी ‘ओ’ आल्याने अलामत भंगेल. मराठीत आणखी एक अडचण येते. ‘चतुर’ हा शब्द शुद्धलेखनाच्या नियमानुसार ऱ्हस्व उकाराने लिहिला जातो, पण बोलताना त्यातील ‘तु’ लांबतो. असा शब्द काफियात घ्यावा की नाही, याचा निर्णय डोळ्याने करावा की कानाने, याबाबत मतभेद होतात. गझल मुळात ऐकण्यासाठी असल्याने कानाचा कौल अधिक ग्राह्य ठरावा.

काफियाची व्याप्ती मतला ठरवितो, ही गोष्ट नवोदितांच्या ध्यानात पुष्कळदा येत नाही. वरील मतल्यात ‘सूर’ आणि ‘दूर’ हे शब्द असल्याने ‘ऊर’ एवढाच बांधील भाग ठरला आणि पुढे पूर, चूर, मजूर असे कोणतेही शब्द घेण्याची मोकळीक मिळाली. त्याऐवजी मतल्यात ‘मजूर’ आणि ‘हुजूर’ हे शब्द योजले असते, तर ‘जूर’ इतका भाग समान झाला असता. मग श्रोत्याची अपेक्षाही त्याच ध्वनीची झाली असती आणि पुढे ‘दूर’ किंवा ‘पूर’ आल्यास यमक सैल पडल्यासारखे वाटले असते. म्हणजे मतला हा एक करार असतो. कवी तो श्रोत्याशी पहिल्या दोन ओळींत करतो, आणि पुढील प्रत्येक शेरात तो करार पाळला गेला की नाही हे श्रोता तपासत असतो. मुशायऱ्यात शेराची पहिली ओळ दोनदा-तीनदा म्हणण्याची प्रथा याच अपेक्षेवर आधारलेली आहे. पहिल्या ओळीत यमक नसते. तिच्यामुळे अर्थाचा प्रश्न उभा राहतो, आणि काफियाचा शब्द येताक्षणी अर्थ व ध्वनी एकदमच पुरे होतात. दाद मिळते ती याच क्षणी. चांगला श्रोता तर काफिया उच्चारला जाण्यापूर्वीच तो ओळखतो आणि रदीफ कवीबरोबर म्हणतो.

रदीफ गझलेत असलाच पाहिजे असे नाही. केवळ काफियावर संपणाऱ्या गझलाही असून त्यांस ‘गैरमुरद्दफ’ म्हणतात. परंतु रदीफ घेतला, तर तो प्रत्येक शेरात अर्थाने आवश्यक ठरला पाहिजे. दुसऱ्या शेरात ‘डोळ्यांमधून माझ्या दाटून पूर गेले’ अशी ओळ केली, तर वृत्त, काफिया आणि रदीफ यांत काहीच उणे राहत नाही. तरी ती ओळ पडते, कारण दाटून पूर येतात, जात नाहीत. ‘गेले’ हा शब्द तेथे केवळ नियमापोटी बसविल्यासारखा होतो. ‘दाटून’ऐवजी ‘लाजून’ म्हटले, की प्रिय व्यक्तीने मागे वळून पाहताच अश्रू ओशाळून परतले, असा अर्थ निघतो आणि ‘गेले’ अपरिहार्य होते. रदीफ भरतीचा आहे किंवा नाही हे ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे त्याच्या जागी त्याच वजनाचा दुसरा शब्द ठेवून पाहणे. ‘सारे मजूर गेले’ऐवजी ‘सारे मजूर होते’ म्हणताच तिसरा शेर कोसळतो, म्हणजे तेथील रदीफ खरा आहे.

मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद येत असल्यामुळे मराठी रदीफ बहुधा क्रियापद किंवा सहायक क्रियापद असते. ही सोय फसवी आहे. मराठी क्रियापद लिंग आणि वचन यांनुसार बदलते, तर रदीफ बदलून चालत नाही. ‘गेले’ हा रदीफ घेताच कर्ता नपुंसकलिंगी एकवचनी (पाणी), पुंल्लिंगी अनेकवचनी (सूर, पूर, मजूर, चेहरे) किंवा आदरार्थी (हुजूर) असणे भाग पडते. स्त्री बोलत असेल तर ‘मी गेले’ असाही एक मार्ग उरतो. ‘वाट’, ‘रात्र’, ‘कविता’ यांसारखे स्त्रीलिंगी शब्द यमकाच्या ओळीत कर्ते म्हणून येऊच शकत नाहीत. त्यांना पहिल्या ओळीत तरी जावे लागते, अथवा पाचव्या शेरातील ‘मैफल सरून गेली’प्रमाणे दुसऱ्या ओळीच्या पूर्वार्धात थांबावे लागते. रदीफ निवडताना कवी शेराचे व्याकरणही निवडत असतो, ही बाब मराठी गझलेच्या चर्चेत पुरेशी मांडली गेलेली नाही. नवशिक्यांच्या गझलेत एकाच प्रकारची वाक्ये पुन्हापुन्हा येतात, याचे कारण पुष्कळदा कल्पनेच्या दारिद्र्यापेक्षा रदीफाच्या या बंधनात असते.

आता शेराच्या स्वयंपूर्णतेकडे वळता येईल. वरील पाच शेरांत पहिला आटलेल्या नदीविषयी, दुसरा प्रेमाविषयी, तिसरा श्रमिकांविषयी, चौथा आत्मपरीक्षणाविषयी आणि पाचवा एकाकीपणाविषयी आहे. दुसरा आणि चौथा यांची अदलाबदल केली किंवा तिसरा गाळला, तरी उरलेल्या शेरांच्या अर्थाला धक्का पोहोचत नाही. तिसरा शेर एकटाच कोणी उद्‌धृत केला, तरी तो पूर्णच वाटेल. उर्दू व फार्सी दिवाणांत गझला विषयानुसार वा कालक्रमानुसार न लावता यमकाच्या अखेरच्या अक्षरानुसार वर्णक्रमाने लावण्याची प्रथा आहे. गझलेला शीर्षक देण्याची चाल त्यांत नाही, कारण शीर्षकात सामावेल असा एक विषयच नसतो. मराठी संग्रहांत शीर्षके दिली जातात, पण ती बहुधा मतल्यातील शब्दांवरूनच घेतलेली असतात. गायकही गझलेतील मोजके शेर निवडून गातात. ‘तराना-ए-हिन्द’ ही रचना देशप्रेमाच्या एका सूत्रात असली तरी यमकयोजनेने गझलच आहे. तिचा रदीफ ‘हमारा’, तर काफियाचे शब्द ‘गुलिस्ताँ’, ‘आसमाँ’, ‘कारवाँ’ असे आहेत. समारंभांत तिचे थोडेच शेर म्हटले जातात आणि कवीचे नाव असलेला शेवटचा शेर बहुधा गळतो. तरीही ऐकणाऱ्यास काही तुटल्याचे जाणवत नाही.

स्वातंत्र्य शेराला असते, ओळीला नसते. एका शेरातील दोन ओळी परस्परांवर पूर्णपणे अवलंबून असाव्या लागतात. ‘मी हाक मारताना तू पाहिलेस मागे’ या ओळीखाली ‘बांधून राजवाडे सारे मजूर गेले’ ही ओळ ठेवून पाहावी. वृत्त बिनचूक राहते, काफिया आणि रदीफही आपापल्या जागी असतात, परंतु दोन ओळी दोन दिशांना तोंड करून बसतात. या दोषास ‘दोलख्त’ म्हणजे दोन तुकड्यांचा शेर असे म्हणतात. मराठी गझलेत हा दोष वरच्याइतका उघड क्वचितच असतो. बहुधा पहिली ओळ इतकी सर्वसाधारण असते, की ती कोणत्याही दुसऱ्या ओळीवर बसू शकेल. ‘जीवन असेच असते’ अशा अर्थाच्या ओळी या प्रकारात मोडतात. तिसऱ्या शेरात मात्र दारावर कोरलेले नाव दुसऱ्याचे आहे, हे पहिल्या ओळीत आल्यावाचून दुसऱ्या ओळीतील मजुरांच्या निघून जाण्याला टोक येत नाही. तसेच दुसऱ्या ओळीवाचून ते नाव कोणी कोरले हे कळत नाही. याला दोन ओळींचा ‘रब्त’ म्हणजे परस्परसंबंध असे नाव आहे.

स्वयंपूर्णतेच्या नियमाला मान्य अपवादही आहेत. एखादी गोष्ट एका शेरात मावत नसेल, तर कवी दोन वा अधिक शेर सलग जोडतो. अशा गटास ‘कता’ म्हणतात आणि जुन्या दिवाणांत त्याच्या आरंभी खुणेचे अक्षर घालून वाचकास सावध केले जाते. संपूर्ण गझल एकाच विषयावर असल्यास तिला ‘मुसलसल’ गझल म्हणतात. माधव जूलियन यांच्या अनेक गज्जला या वर्गात सहज बसतात. त्यामुळे त्यांना गझल म्हणूच नये, हा पुढील काळात काहींनी घेतलेला पवित्रा टोकाचा वाटतो. फरक एवढाच, की उर्दूत जो अपवाद होता तो मराठीत नियम होऊन बसला, आणि ‘गझल’ या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाच्या मनात एक वृत्त किंवा एक चाल एवढाच उरला.

हा अर्थ बदलण्याचे श्रेय सुरेश भट (१९३२–२००३) यांच्याकडे जाते. अमरावतीत जन्मलेल्या भटांचा पहिला संग्रह रूपगंधा १९६१ मध्ये आला. रंग माझा वेगळा (१९७४) आणि एल्गार (१९८३) या संग्रहांनी त्यांची गझल सर्वतोमुखी झाली. त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ हे मार्गदर्शक टिपण लिहून होतकरू कवींपर्यंत पोहोचविले. त्यात त्यांनी काफियाला यमक आणि रदीफाला अंत्ययमक असे मराठी प्रतिशब्द दिले, तसेच गझलेतील प्रत्येक शेर ही एक स्वतंत्र कविता असते, हे आग्रहाने मांडले. त्यांच्या व्याख्येचा रोख वृत्तावरून शेरावर गेला. गझल ही दोन ओळींच्या कवितांची बांधणी ठरली. या बदलाचा परिणाम आशयावरही झाला. सलग भावगीतात सामाजिक उपरोध आणि विरहवेदना एकत्र आणणे अवघड होते. शेर स्वतंत्र झाल्यावर एकाच गझलेत पहिल्या शेरात प्रेयसी, दुसऱ्यात ढोंगी पुढारी आणि तिसऱ्यात मृत्यू येऊ लागला. सभेत किंवा लेखात एखादा शेर सुटा उद्‌धृत करणे शक्य झाले आणि गझल ऐकणाऱ्यांचा वर्ग कवितेच्या वाचकांपलीकडे विस्तारला. बाराखडीमुळे तंत्र मात्र इतके सुलभ झाले, की नियम पाळणे म्हणजेच गझल लिहिणे असा समजही पसरला. दोलख्त शेर आणि भरतीचे रदीफ हे त्या समजाचेच फळ होय.

गझलेच्या शेवटच्या शेरास ‘मक्ता’ म्हणजे तोडण्याची जागा असे म्हणतात. काटेकोर अर्थाने त्यात कवीचे उपनाव, म्हणजे ‘तखल्लुस’, आले तरच तो मक्ता होय. एरवी तो केवळ शेवटचा शेर असतो. मराठी वाचकास येथे अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रेची आठवण होणे स्वाभाविक आहे. मौखिक प्रसारात रचनेवरील हक्क नोंदविणे हे दोहोंचेही एक कार्य आहे. त्यांच्यातील भेद मात्र महत्त्वाचा आहे. अभंगात नाम घेऊन संत बोलतो आणि आधीच्या चरणांतून आलेला निष्कर्ष सांगतो. मक्त्यात कवी स्वतःला दुसऱ्यासारखे हाक मारतो, त्याची थट्टा करतो किंवा कीव करतो, आणि त्या शेरात आधीच्या शेरांचा निष्कर्ष येत नाही, कारण निष्कर्ष काढण्याजोगा एक विचार गझलेत नसतोच. मक्ताही इतर शेरांइतकाच स्वतंत्र असतो. त्यामुळे रचना थांबल्याची खूण होते, तिचा समारोप होत नाही.

तखल्लुस अर्थपूर्ण असला, तर मक्त्याला दुहेरी अर्थ देता येतो. ‘सिराज’ या शब्दाचा अर्थ दिवा असा असल्याने सिराज औरंगाबादीच्या नावातच ज्योतीची प्रतिमा दडलेली होती. ‘मोमिन’ म्हणजे श्रद्धावान. मोमिन खाँ मोमिन या कवीने मूर्तिपूजक प्रियकर आणि श्रद्धावान नाव यांतील विसंगतीचा आपल्या मक्त्यांतून भरपूर उपयोग करून घेतला. वरील उदाहरणात ‘दीपा’ हे संबोधन उपनाव म्हणून वाचले, तर मैफल संपल्यावर एकटाच जागणारा कवी दिसतो, आणि साधा शब्द म्हणून वाचले, तर रिकाम्या दिवाणखान्यात विसरलेला दिवा. दोन्ही वाचने पूर्ण असावीत, ही चांगल्या मक्त्याची कसोटी आहे. उपनाव काढून तेथे त्याच वजनाचे दुसरे कोणतेही नाव घातले आणि शेर तसाच राहिला, तर मक्ता ही केवळ सही ठरते. मिर्झा असदुल्ला खाँ यांच्या काही गझलांत ‘असद’, तर काहींत ‘गालिब’ हे उपनाव आढळते, ते अभ्यासकांना उपयोगी पडते, पण त्या दोन नावांची वजने भिन्न असल्याने एकाच्या जागी दुसरे घालता येत नाही. नाव बदलायचे तर ओळच नव्याने बांधावी लागते.

मराठीत मक्ता फारसा रुजला नाही. सुरेश भट यांच्या बहुसंख्य गझलांत तखल्लुस नाही. कविता छापील पानावर कवीच्या नावासह येऊ लागल्यानंतर ओळखीसाठी त्याची आवश्यकता उरली नाही, हे याचे एक कारण होय. दुसरे कारण भाषिक असावे. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे रूप बदलते. ‘दीप’ हे नाव संबोधनात ‘दीपा’ आणि चतुर्थीत ‘दीपास’ होते. उर्दूत नाव तसेच ठेवून पुढे शब्दयोगी अव्यय जोडता येते, त्यामुळे तेथे उपनावाचे वजन स्थिर राहते. मराठीत प्रत्येक विभक्तीबरोबर ते बदलते आणि वृत्तात बसविणे कठीण होते. स्वरान्त उपनावांची अडचण काहीशी कमी होते, कारण प्रथमेत आणि संबोधनात त्यांचे रूप एकच ठेवता येते. इलाही जमादार (१९४६–२०२१) यांनी ‘इलाही’ हे आपले नाव मक्त्यात सातत्याने योजले. ते ईकारान्त आहे आणि संबोधनात त्याचे लघु-गुरू-गुरू असे वजन कायम राहते. आनंदकंद वृत्तातील ‘लगागा’ या गणात ते जसेच्या तसे बसते.